तीन दिवे आणि एक तार: पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

सकाळी गुहागरहून बाबांचा फोन. "अरे, मीटरमध्ये तीन पिवळे दिवे एकदम लागलेत. एबीएसचा एक, ट्रॅक्शनचा एक आणि तो गाडी घसरल्याचं चित्र असलेला. ब्रेक लागतोय नीट. येऊ का तुझ्याकडे?"

मी आधी एकच विचारलं, ब्रेकचा लाल दिवा लागलाय का? नाही म्हणाले. मग सावकाश या म्हटलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. नुसते पिवळे दिवे असतील तर साधा ब्रेक शाबूत असतो. फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देण्याची सोय, म्हणजे एबीएस, बंद पडलेली असते. पिवळ्यांसोबत लालही लागला तर दोन शक्यता. एक तर ब्रेक ऑइल कमी झालंय, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं कामही बंद पडलंय. तसं असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी पावसात चालवत आणायची नाही.

बाबा वाटेत एका वर्कशॉपमध्ये थांबून आले. तिथे गाडी न उचलताच सांगितलं, तीन दिवे म्हणजे तीन सिस्टिम गेल्या, एबीएसचा अख्खा युनिट बदलावा लागेल, बेचाळीस हजार. बाबांचा चेहरा उतरला होता.

तीन दिवे म्हणजे तीन बिघाड हा समजच चुकीचा आहे. एबीएस, घसरणारं चाक आवरणारं ट्रॅक्शन आणि गाडी सरळ ठेवणारी स्टॅबिलिटी ही तिन्ही कामं एकाच कंट्रोलरच्या डब्यातून चालतात आणि तिघांनाही एकच माहिती लागते: चारही चाकं या क्षणाला किती वेगाने फिरताहेत. एक चाक बाकीच्यांपेक्षा अचानक हळू झालं तर ते जाम होतंय, अचानक जोरात फिरलं तर ते जागच्या जागी घसरतंय. चारपैकी एका चाकाचा आकडा खात्रीचा राहिला नाही की तिघांचाही हिशेब बसत नाही, आणि डबा तिन्ही कामं स्वतःहून बंद करून तिन्ही दिवे लावतो. म्हणून तीन दिवे एकाच क्षणी लागले की माझा पहिला संशय एका चाकाच्या सेन्सरवर असतो. युनिट जळणं अगदी शेवटी.

संध्याकाळी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. आधी स्वस्तातला ब्लूटूथवाला, त्यात काहीच नाही. तो फक्त इंजिनाच्या कंट्रोलरशी बोलतो. एबीएसच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. "स्कॅनर लावला, कोड नाही" असं कुणी सांगितलं तर तो यातला कोणता, हे आधी विचारावं. मग मोठा लावला. त्यात दोन ओळी:

```
C0034-29
C0034-13
```

`C0034` म्हणजे पुढचं उजवं चाक. उजवं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून उजवं. सगळ्या कंपन्या हाच कोड वापरत नाहीत, काहींत याच चाकाला `C0040` येतो, म्हणून गाडीचं कोष्टक बघूनच चाक ठरवायचं. शेवटचे दोन आकडे सगळ्या गाड्या दाखवत नाहीत, पण दिसले तर सोन्यासारखे. `29` म्हणजे सिग्नल येतोय पण विश्वास ठेवण्याजोगा नाही. `13` म्हणजे सर्किटच तुटलं, करंट वाहत नाही.

दोन्ही ओळी एकाच चाकाच्या, त्यामुळे आज चाक तेवढं नक्की झालं.

जेवताना बाबा सहज म्हणाले, "महिनाभर झाला, गाडी थांबायला आली की पेडल पायाखाली गुरगुरतं. पावसामुळे असेल म्हणून मी बोललो नाही." हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं.

७ जुलै, रविवार

सकाळी पाऊस थांबला तेव्हा कॉलेजमागच्या सरळ रस्त्यावर गाडी नेली. मी चालवत होतो, शेजारचे मिस्त्री स्कॅनर घेऊन बाजूला. चारही चाकांचे आकडे एकाच पडद्यावर लावले. ताशी चाळीसला चारही सारखे. मग वेग उतरवत दहापर्यंत आणला. तीन चाकं दहावर स्थिर, आणि पुढचं उजवं दहा, पाच, दहा, दहा, शून्य, दहा. ब्रेकला हलकेच पाय लावला आणि पेडल गुरगुरलं. डब्याला वाटतंय की उजवं चाक जाम झालं, म्हणून तो बिचारा त्या चाकाचा ब्रेक सोडतोय. रस्ता कोरडा, चाक व्यवस्थित फिरतंय, तरी थांबायच्या ऐन वेळी ब्रेक सुटतो. पुढच्या गाडीला टेकायला तेवढं पुरे आहे.

जास्त वेगाला ठीक आणि कमी वेगाला गोंधळ, हे का, ते मिस्त्रींना कागदावर मांडून दाखवलं. या गाडीत बेअरिंगच्या सीलवर चुंबकाचं एक कडं आहे. त्यावर उत्तर-दक्षिण असे ध्रुव आळीपाळीने भरलेले, चाकाच्या एका फेऱ्यात सेन्सरकडून ४८ ठोके. टायरचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे दर सव्वाचार सेंटिमीटरला एक ठोका. ताशी आठ किलोमीटरला दोन ठोक्यांत जवळजवळ १९ मिलिसेकंद जातात. तिथे एक ठोका हुकला की ३८ मिलिसेकंद शांतता, आणि चाकाचा वेग निम्म्यावर आला असं दिसतं. ताशी ऐंशीला ठोके दर दोन मिलिसेकंदाला येतात. तिथे डबा अनेक ठोक्यांची सरासरी काढतो, त्यात एखादा हुकलेला पचून जातो.

म्हणजे कड्यावर कुठेतरी ठोका हुकतोय. एक तर कडं घाण झालंय, नाहीतर सेन्सर कड्यापासून लांब सरकलाय.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, चाक काढलं. सेन्सर नकलमध्ये, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागात, एका दहाच्या बोल्टवर बसलेला. बोल्ट सहज सुटला, सेन्सर मात्र हलेना. गुहागरला गाडी समुद्रापासून दोनशे पावलांवर उभी असते, नऊ पावसाळे झाले. नकल बिडाची, तिच्या भोकाला आतून गंज धरतो आणि तो फुगून सेन्सरच्या प्लॅस्टिकला चारही बाजूंनी आवळतो. इथे घाई केली की प्लॅस्टिक तुटून टोक आत अडकतं, आणि मग ड्रिलने पोखरावं लागतं. गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा घेतला, परत मारला. मग स्क्रूड्रायव्हरने न उचकटता सेन्सरचा बोल्ट बसतो तो कान चिमट्यात धरून डावी-उजवीकडे एकेक केसभर फिरवत राहिलो. पाऊण तासाने तो फिरायला लागला आणि मग सरळ वर आला.

सेन्सरच्या टोकाला लोखंडाच्या किसाची दाट मिशी. डिस्क आणि पॅड झिजून उडणारी ही भुकटी चुंबकाच्या कड्याला चिकटते आणि सेन्सर आला की त्यालाही. कडं बॅटरीच्या उजेडात बघितलं. एका बाजूला दोन बोटांएवढ्या पट्ट्यात भुकटी आणि गंज मिळून काळा थर बसलेला, बाकी कडं स्वच्छ. म्हणूनच ठोका प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी हुकत होता. सेन्सर ज्या सपाट जागेवर टेकतो तिथेही गंजाची पापडी उठली होती. नख लावलं की सुटत होती. सेन्सर आणि कडं यांच्यात फट फार तर एखाद्या मिलिमीटरची असते. पापडीने सेन्सर अर्धा मिलिमीटर उचलला तरी चुंबकाचा जोर चांगलाच कमी होतो.

ही गोष्ट कोकणापुरती नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने २००५ साली १९९९ ते २००२ या वर्षांतल्या पिकअप आणि मोठ्या गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणाने. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांत सेन्सरखाली गंज फुगत होता आणि ताशी साधारण ६ ते १६ किलोमीटर वेगाला एबीएस विनाकारण चालू होत होता. त्यांच्या रस्त्यावर मीठ, आपल्या हवेत मीठ.

साफसफाईत दोन पथ्यं पाळली. कड्याला तारेचा ब्रश लावला नाही आणि हवेचा जोरही मारला नाही. ब्रशने ध्रुवांचा थर खरवडला जातो, आणि हवेने भुकटी सीलमधून थेट बेअरिंगात जाते. ब्रेक क्लीनरने ओलं केलेलं सुती फडकं बोटाला गुंडाळून, हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ती चकती, हळूहळू फिरवत, भोकातून जेवढं बोट जाईल तेवढं पुसलं. फडकं चार वेळा बदललं. टेकायच्या जागेची पापडी पॉलिश पेपरने काढून धातू उघडा केला. भोकात चिंधी कोंबून ठेवली होती, किस आत पडू नये म्हणून. सेन्सर बसवताना भोकाच्या भिंतीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, टोक मात्र कोरडं ठेवलं. बोल्ट बेताने आवळला. कान प्लॅस्टिकचा आहे, जोर लावला की चिरतो.

कोड पुसले. चावी ऑन केल्यावर दिवे तसेच. इथे लोक घाबरतात आणि सेन्सर परत उघडतात. डब्याला चाकं फिरताना दिसल्याशिवाय तो दिवे विझवत नाही. गल्लीच्या टोकाला वेग वीसवर गेला आणि तिन्ही एकदम गेले. थांबताना गुरगुर नाही. पाच वेळा थांबून बघितलं.

९ जुलै, मंगळवार

बाबा गाडी घेऊन गुहागरला गेले. तिकडून फोन: पेडल शांत आहे.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. आई-बाबा मावशीकडे कराडला निघाले होते. कुंभार्ली घाट चढताना एका डाव्या वळणावर तिन्ही दिवे परत लागले. बाबांनी वर थांबून फोन केला. लाल दिवा? नाही. गुरगुर? नाही, अजिबात नाही. गाडी बंद करून परत चालू केली आणि थोडी पुढे नेली तर दिवे विझले आणि पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा लागले.

हे ऐकल्यावर माझं काय चुकलं ते कळलं. पहिल्या दिवशी दोन ओळी दिसल्या होत्या. `29` चं कारण मला सापडलं, गुरगुर गेली, आणि मी `13` लाही त्याच्यातच धरलं. घाणीने सिग्नल खराब होतो, पण करंट वाहायचा थांबत नाही. सर्किट तुटल्याचा कोड घाण पुसून जाणं शक्यच नव्हतं. पुसल्यावर नऊ दिवस तो आला नाही याचं कारण इतकंच, की गुहागरच्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग कधी पूर्ण वळलंच नाही.

बाबांना सांगितलं, ओल्या घाटात पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, उतारावर खालचा गिअर, ब्रेक एकदम दाबू नका. परतल्यावर थेट माझ्याकडे.

१८ जुलै, गुरुवार

स्कॅनरवर या वेळी एकच ओळ, `C0034-13`. कड्याचा हिशेब मिटला आहे, आता फक्त तार शोधायची.

चाक काढलं, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि सेन्सरची तार हाताने चाचपत वर गेलो. सेन्सरपासून निघालेली तार आधी नकलला एका रबरी बुचात, मग शॉकअपच्या पट्टीवर दुसऱ्या रबरी बुचात, आणि मग मडगार्डच्या आत कपलरला. रबरी बूच शॉकअपच्या पट्टीत नव्हतंच. ते तारेवर नुसतं लोंबत होतं आणि तार प्लॅस्टिकच्या टायने पट्टीला करकचून बांधलेली. मे महिन्यात पुढचे दोन्ही शॉकअप बदलले होते. तेव्हा बूच काढलं गेलं आणि परत बसवलं गेलं नाही.

त्या बुचाचं काम तार सैल ठेवण्याचं असतं. चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, तेव्हा दोन बुचांमधली तार मोठ्या वळणात वाकते. टायने बांधल्यावर सगळं वाकणं एका जागी आलं. टायच्या खाली बोट ठेवून तार दुमडली तर आवरण जसंच्या तसं, पण आत तांबं नसल्यासारखी ती जागा मऊ. डोळ्याला काही दिसत नाही, बोटाला कळतं.

तरी बोटावर विसंबून पार्ट मागवायचा नाही. हा दोन तारांचा सेन्सर आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला आहे. जुन्या वेटोळ्याच्या सेन्सरसारखा त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, उलट मीटरचं माप फसवतं. याचा सिग्नल करंटमध्ये असतो: कड्याचा एक ध्रुव समोर आला की साधारण ७ मिलीअँपिअर, दुसरा आला की साधारण १४. कपलर सोडवला, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि मिलीअँपिअरवर लावलेला मल्टिमीटर, सगळं सेन्सरशी एका माळेत जोडलं. गाडीच्या सर्किटच्या आकृतीत प्लसची तार कोणती ते आधी बघून घेतलं, उलटं लावायचं नाही. रेझिस्टर नसेल तर ही चाचणी करूच नये; एखादी तार चुकून भिडली तर तोच वाचवतो.

स्टिअरिंग सरळ ठेवून हब हाताने अगदी हळू फिरवला. ६.९, १४.१, ६.९, १४.१. घड्याळासारखं. म्हणजे सेन्सर आणि कडं दोन्ही ठणठणीत. मग मिस्त्रींनी स्टिअरिंग हळूहळू डावीकडे वळवलं. शेवटच्या पाव फेऱ्यात मीटर शून्य. सरळ केलं, ७ परत. तीन वेळा केलं, तीनही वेळा त्याच जागी. मिस्त्री खाली वाकून म्हणाले, "भाऊ, बेचाळीस हजाराचा आजार इथे आहे होय!"

टाय कापला. बूच पट्टीत बसवून तार सैल केली तर शून्य येणं बंद झालं, पण दुमडली की परत येतंच. आतले धागे तुटलेले आहेत, फक्त टोकाला टोक टेकतंय.

जोड द्यायचा की पार्ट बदलायचा? तार मडगार्डच्या आत, स्थिर भागात तुटली असती किंवा उंदराने कुरतडली असती तर मी जोड दिला असता: दोन्ही तारा वेगवेगळ्या लांबीवर कापून, म्हणजे दोन जोड शेजारी येत नाहीत, डाग देऊन, आत गोंद असलेली आकसणारी नळी चढवून. पण इथे तार रोज हजार वेळा वाकते. डाग दिलेली तार जोडाच्या कडेला कडक होते आणि तिथेच पुन्हा तुटते, ती बहुधा अशाच एखाद्या घाटात. सेन्सर आणि तार एकत्रच मिळते, रत्नागिरीच्या दुकानात चौकशी केली, १,८५० रुपये. मागवली.

२० जुलै, शनिवार

पार्ट आला. लावण्याआधी जुन्याशेजारी ठेवून लांबी, बुचांच्या जागा आणि कपलरची खाच ताडून बघितली. एकाच गाडीच्या डाव्या-उजव्या तारा वेगळ्या असतात आणि पार्टचं खोकं अदलाबदल झालेलं असू शकतं. तेरा दिवसांपूर्वी भोक साफ केलेलं असल्याने जुना सेन्सर या वेळी दोन बोटांनी निघाला.

तारेवर बुचांच्या जागी पांढऱ्या खुणा असतात. त्या खुणा बुचातच यायला हव्यात, मगच दोन बुचांमधली तार कंपनीने ठरवली तेवढी सैल राहते. बसवल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग जॅकने चाक वर-खाली करून परत फिरवलं. तार कुठेही ताणली नाही, टायरलाही लागली नाही. मडगार्डमधल्या कपलरच्या पिना हिरव्या झाल्यात का तेही बघितलं. पाणी शिरलं असतं तर हाच कोड तिथूनही आला असता. पिना पिवळ्याधमक होत्या.

डाव्या चाकाचाही टाय निघाला. तिथलं बूचही लोंबत होतं. तिथली तार अजून कडक होती आणि करंट सगळ्या वळणांवर ७-१४ आला, म्हणून फक्त बूच जागेवर बसवलं.

२४ जुलै, बुधवार

या कामाशी संबंध नाही, पण लिहून ठेवतो. एक गाडी आली, पुढचं बेअरिंग नवं, तेव्हापासून तिन्ही दिवे चालू. त्यांनी आधीच दोन सेन्सर बदलून बघितले होते. ७-१४ ची चाचणी लावली तर हब कितीही फिरवा, आकडा एकाच जागी, हलतच नाही. बेअरिंग उलटं दाबलेलं निघालं, चुंबकाची बाजू बाहेर, सेन्सरसमोर साधं सील. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच असतात. दाबण्याआधी बारीक टाचणी दोन्ही सीलांना लावून बघावी. जिथे चिकटते ती बाजू सेन्सरकडे. आता ते बेअरिंग काढताना खराब होणार, म्हणजे पुन्हा नवं.

४ ऑगस्ट, रविवार

बाबा काल कुंभार्लीतून कराडला जाऊन आले, दोन्ही वेळा पावसात. दिवे नाहीत, पेडल शांत. आज गाडी उचलून बघितली. बुचं जागेवर, तारेवरच्या पांढऱ्या खुणा बुचात. स्कॅनरवर कोड नाही. त्याच सरळ रस्त्यावर ताशी दहाला चारही चाकं दहा, दहा, दहा, दहा.

मागच्या दोन सेन्सरांखालचा गंज दिवाळीत पाऊस संपल्यावर काढायचा आहे. बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.